कोटेशनमधल्या तीन ओळींचा हिशेब

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यात शिकेकाई आणि रिठ्याचा शाम्पू तयार होतो, असं धरू. चालवणाऱ्या बाई पहिल्यांदाच परदेशातून काही मागवत आहेत. बाटली इथलीच आहे. वर बसवायचा पंप मात्र त्यांना स्वतःच्या लेबलशी जुळणाऱ्या शेवाळी हिरव्या रंगात हवा आहे. चीनच्या चच्यांग प्रांतात निंगबो बंदराच्या आसपास, विशेषतः युयाओ परिसरात, असे पंप करणारे अनेक कारखाने आहेत. त्यातल्या एकाला त्यांनी ईमेल केला आणि १ डिसेंबर २०२५ला कोटेशन आलं. गुढीपाडवा १९ मार्च २०२६चा, म्हणजे हाताशी साडेतीन महिने. उदाहरणातले आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण अशा पंपांच्या व्यवहारात साधारण असेच दिसतात.

कोटेशन एका पानाचं. लोशन पंप, मापाचा आकडा २८/४१०, म्हणजे बाटलीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास २८ मिलिमीटर आणि आटे ४१० प्रकारचे. दर नगाला ११ सेंट, निंगबो बंदरात जहाजावर चढवून. खाली तीन ओळी : किमान ऑर्डर १०,००० नग, लीड टाइम ३० दिवस, दर वैध १५ दिवस. पैशांची अट ३० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि उरलेले ७० टक्के माल निघण्याआधी.

नवखा खरेदीदार यातला दर पाहतो, तो आपल्या बजेटमध्ये बसतो का ते बघतो आणि बाकीच्या ओळी छापील मजकूर समजून पुढे जातो. वास्तविक सगळा व्यवहार त्या तीन ओळींवर उभा असतो आणि तिन्ही ओळी अर्धवट लिहिलेल्या असतात. दहा हजार नग, पण कशाचे? तीस दिवस, पण कोणत्या दिवसापासून आणि कुठपर्यंत? पंधरा दिवस वैध, पण त्या मुदतीत नेमकं काय घडलं की दर पक्का झाला? ही उत्तरं लेखी मिळेपर्यंत कोटेशनला होकार देऊ नये. या अटी कारखान्याच्या कामातून कशा येतात हे समजलं, की प्रश्न नेमके विचारता येतात आणि घासाघीसही योग्य जागी करता येते.

दहा हजार, पण कशाचे?

किमान ऑर्डरला व्यापारात एमओक्यू म्हणतात. हा आकडा पाहिला की मोठा कारखाना छोट्या गिऱ्हाइकाला टाळतोय, असा बहुतेकांचा समज होतो. क्वचित तसं असतंही. पण रंगीत पंपाच्या बाबतीत आकड्यामागचं कारण मशीनवरच पाहता येतं.

पंप एकसंध दिसला तरी त्याचे आठ-दहा भाग असतात. वर दाबायचं बटण, बाटलीवर फिरवून बसवायचं झाकण, आतलं नळकांडं, स्प्रिंग, छोटी गोळी, गॅस्केट आणि खाली बाटलीत जाणारी लांब नळी. यातले बटण आणि झाकण हे दोनच भाग तुमच्या रंगाचे असतात. ते प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात दाबून काढतात. साच्यात २४ घरं असतील आणि एक फेरी २० सेकंदांची असेल, तर तासाला चार हजारांवर नग पडतात. म्हणजे दहा हजार बटणं अडीच तासांच्या आत तयार.

वेळ जातो तो रंग बदलताना. मशीनमध्ये आधी पांढरा किंवा गुलाबी माल चालू असतो. तो पूर्ण निघून हिरवा स्वच्छ येईपर्यंत मिसळलेल्या रंगाचं प्लास्टिक बाहेर टाकत राहावं लागतं. त्यात काही किलो दाणा आणि कधी तास-दोन तास जातात. झाकणाच्या साच्यावर हाच प्रकार पुन्हा होतो. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत गव्हाचं दळण चालू असताना कुणी मूठभर नाचणी घेऊन आलं, तर गिरणीवाला थांबायला सांगतो. त्याचं कारण तेच आहे. दळायला वेळ लागत नाही, जातं साफ करायला लागतो.

दुसरं कारण रंगाचं. प्लास्टिकला रंग येतो तो मास्टरबॅच नावाच्या गडद रंगीत दाण्यातून, आणि तो मूळ दाण्यात साधारण दोन-तीन टक्के मिसळतात. एका पंपात रंगीत भाग सात ग्रॅमचा धरला, तर दहा हजार पंपांना ७० किलो प्लास्टिक आणि जेमतेम दोन किलो मास्टरबॅच लागतं. तीन हजार पंपांना पाऊण किलोही लागत नाही. मास्टरबॅचची पोती मात्र साधारण २५ किलोंची असतात आणि खास तुमच्यासाठी जुळवलेला रंग दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. उरलेला रंग कारखान्याच्या गळ्यात पडतो.

म्हणून कोटेशनमध्ये ‘१०,००० नग’ एवढंच लिहिलं असेल, तर पहिला प्रश्न : हे एका रंगाला, एका मापाला, की संपूर्ण ऑर्डरला? शाम्पूसाठी हिरवा आणि तेलासाठी तपकिरी अशा दोन रंगांत पाच-पाच हजार घेऊ, असं ठरवून मोकळे होणारे इथेच अडकतात. बहुतेक वेळा दहा हजार हा आकडा प्रत्येक रंगाला असतो.

त्याच वेळी, जो भाग रंगीत नाही त्यात सूट मिळण्याची शक्यता चांगली असते. खालची नळी अर्धपारदर्शक असते आणि जोडणीच्या वेळी हव्या त्या लांबीला कापली जाते. तेव्हा साताऱ्याच्या बाईंकडे १०० आणि २०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या असतील आणि दोन्हींचं तोंड २८/४१०चं असेल, तर एकाच हिरव्या रंगाचे दहा हजार पंप घेऊन निम्म्यांना छोटी आणि निम्म्यांना लांब नळी लावून मागता येते. ‘एमओक्यू कमी करा’ या विनंतीला कारखाना नाही म्हणेल. ‘रंग एक, नळीच्या लांब्या दोन, एकूण दहा हजार’ या मागणीला सहसा हो म्हणतो, कारण त्यात त्याचं जादा काम फारसं नाही.

आणखी एक पर्याय म्हणजे कारखान्यात आधीच चालू असलेला रंग. पांढरा आणि काळा पंप बहुतेकांकडे सतत निघत असतो. तिथे किमान ऑर्डर दोन-तीन हजारांवर येऊ शकते, कारण रंग बदलण्याचा खर्चच नसतो. कुणी खास रंगाचेही पाचशे पंप द्यायला तयार झालं, तर मात्र सावध व्हावं. एक तर तो कुणाचा तरी उरलेला साठा असतो किंवा देणारा उत्पादक नसून दलाल असतो. साठा घेण्यात गैर काही नाही, पण पुढच्या वेळी तोच रंग मिळेल याची खात्री कुणी देणार नाही.

कमी घेतलं तर किती महाग?

बाईंना सध्या तीन हजारच पंप हवेत. कारखाना हट्टाने का होईना तीन हजार हिरवे पंप द्यायला तयार झाला आणि रंग बदलण्याचा खर्च धरून दर ११ ऐवजी १६ सेंट लावला, असं समजू. डॉलर ९० रुपयांचा धरू. दहा हजार पंपांचे १,१०० डॉलर म्हणजे ९९,००० रुपये. तीन हजारांचे ४८० डॉलर म्हणजे ४३,२०० रुपये. वरवर पाहता तीन हजारच परवडतात.

पण समुद्रमार्गालाही स्वतःचं किमान माप असतं. असे हजार पंप मावणारं खोकं साधारण एक दशांश घनमीटरचं असतं. म्हणजे दहा हजार पंप एका घनमीटरात बसतात आणि तीन हजार त्याच्या तिसऱ्या हिश्शात. कंटेनरमध्ये इतरांच्या मालासोबत जाणाऱ्या सुट्या मालाला, ज्याला एलसीएल म्हणतात, बहुधा किमान एक घनमीटराचं भाडं पडतं. न्हावाशेव्याला कागदपत्रांचे, गोदामाचे आणि क्लिअरिंग एजंटाचे पैसेही खोकी तीन असोत की दहा, फारसे बदलत नाहीत. हा सगळा खर्च ३५,००० रुपये धरू. सीमाशुल्क आणि जीएसटी बाजूला ठेवू, कारण ते किमतीच्या टक्क्यांत वाढतात आणि तुलनेचं चित्र फारसं बदलत नाही.

आता दहा हजार पंप पडतात १,३४,००० रुपयांना, नगाला १३ रुपये ४० पैसे. तीन हजार पडतात ७८,२०० रुपयांना, नगाला २६ रुपये. जवळजवळ दुप्पट. पण दहा हजारांतले तीन हजारच वापरले गेले आणि मग लेबलचा रंग बदलला, तर वापरलेला प्रत्येक पंप ४५ रुपयांना पडला.

या दोन्हींच्या मधे एक सीमा आहे. १,३४,००० रुपयांना २६ने भागलं की पाच हजारांच्या थोडं वर आकडा येतो. तेवढे पंप नक्की लागणार असतील तर दहा हजार घेण्यात फायदा, नसतील तर महागातले तीन हजारच स्वस्त. म्हणजे एमओक्यू परवडतो का, हे कारखान्याच्या दरावरून ठरत नाही. तुमच्या विक्रीच्या वहीवरून ठरतं. नव्या उत्पादनाचे पाच हजार नग विकले जातील अशी खात्री कुणालाच नसते, म्हणून पहिल्या ऑर्डरला प्रचलित रंग घेणंच मी योग्य मानतो.

तीस दिवस, पण कधीपासून?

अडीच तासांत पडणाऱ्या बटणांसाठी तीस दिवस कशाला, असा प्रश्न इथे पडेल. त्या तीस दिवसांत प्रत्यक्ष काम थोडं आणि रांग मोठी असते. रंग जुळवून मास्टरबॅच येण्यात आठवडाभर जातो. मग योग्य साचा आणि मशीन मोकळं होण्याची वाट पाहायची. भाग तयार झाले की जोडणी, गळतीची चाचणी आणि पॅकिंग. प्रचलित रंगाचा पंप आठ-दहा दिवसांत मिळतो, कारण त्यात पहिले दोन टप्पे जवळजवळ नसतातच.

पण तीस दिवसांचं घड्याळ सुरू कधी होतं? तुमचा ईमेल गेला त्या दिवशी नाही. बहुतेक कारखाने दोन गोष्टी पूर्ण झाल्यावर दिवस मोजायला लागतात : अ‍ॅडव्हान्स त्यांच्या खात्यात जमा होणं आणि तुम्ही नमुन्याला मंजुरी देणं. यातली जी नंतर होईल, तिथून. थांबतं कुठे, हेही पाहावं. दर जर निंगबोला जहाजावर चढवून दिलेला असेल, तर तीस दिवस म्हणजे माल कारखान्यात किंवा फार तर बंदरावर तयार. साताऱ्याला पोहोचण्याशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय ते दिवस कॅलेंडरचे की कामाचे, हे विचारावं. कामाचे तीस दिवस म्हणजे पाच ते सहा आठवडे.

आता बाईंची ऑर्डर जशी घडते तशी पाहू. १२ डिसेंबरला त्यांनी होकार कळवला. परदेशी अ‍ॅडव्हान्स पाठवताना बँक प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, आयात-निर्यात कोड आणि अर्ज मागते. पहिलीच वेळ असल्याने त्यात काही दिवस गेले आणि पैसे १८ डिसेंबरला जमा झाले. कारखान्याने रंगाचा तुकडा करून २४ला कुरिअर केला, तो ३१ला साताऱ्यात आला. हिरवा थोडा निळसर होता. बाईंनी तो नाकारला, आणि त्यांनी ते योग्यच केलं. दुसरा तुकडा १४ जानेवारीला हातात आला आणि १५ला मंजुरी गेली.

घड्याळ सुरू झालं ते इथे, कोटेशन मिळाल्यावर तब्बल दीड महिन्याने. तीस दिवस मोजले की १४ फेब्रुवारी येते. चिनी नववर्ष २०२६मध्ये १७ फेब्रुवारीला आहे. सरकारी सुट्टी आठवड्याच्या आसपासची असली, तरी कामगार दूरच्या प्रांतांतल्या आपापल्या गावी जातात. त्यामुळे बरेच कारखाने आठवडाभर आधीच मंदावतात किंवा बंद होतात आणि कंदिलांच्या सणापर्यंत, म्हणजे यंदा ३ मार्चपर्यंत, पूर्ण क्षमतेने सुरू होत नाहीत. आपला कारखाना ८ फेब्रुवारीला बंद झाला आणि २५ला पुन्हा उघडला असं धरलं, तर उरलेलं सहा दिवसांचं काम संपायला ५ मार्च उजाडतो. उरलेले पैसे, बंदरापर्यंतचा ट्रक, जहाजाची ठरलेली तारीख असं करत माल १४ मार्चला निघतो. न्हावाशेव्यापर्यंत साधारण तीन आठवडे. सुट्या मालाचा कंटेनर गोदामात रिकामा होऊन क्लिअरन्स मिळायला आठ-दहा दिवस. साताऱ्यात माल १४ एप्रिलच्या सुमारास.

पाडवा जाऊन जवळजवळ महिना झालेला असतो. आणि यात कारखान्याने शब्द मोडला असं म्हणता येत नाही. त्याने तीस दिवस लिहिले होते आणि सुट्टी वगळता तो तीस दिवसांतच राहिला.

हे टाळायचं तर तारखा उलट्या मोजाव्या लागतात. १९ मार्चला बाटल्या दुकानात हव्यात, तर भरणं आणि लेबल लावणं यासाठी पंधरा दिवस धरून पंप ४ मार्चला साताऱ्यात हवेत. गोदाम आणि क्लिअरन्सचे दहा दिवस वजा केले की जहाज २२ फेब्रुवारीला लागलं पाहिजे. तीन आठवड्यांचा प्रवास वजा करून ते १ फेब्रुवारीला सुटलं पाहिजे. त्याआधी आठवडाभर, म्हणजे २५ जानेवारीला माल तयार हवा. म्हणजेच नमुन्याची मंजुरी २६ डिसेंबरला. रंगाच्या दोन फेऱ्या आणि पैशांची बँकेतली वाट धरली, तर ऑर्डर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच जायला हवी होती. १ डिसेंबरला कोटेशन आलं तेव्हाच हिरव्या पंपाला उशीर झालेला होता.

यात आपल्या हातातला सर्वांत मोठा तुकडा नमुन्याचा आहे. बाईंनी पहिल्या ईमेलबरोबरच पँटोन क्रमांक कळवला असता, म्हणजे रंगांच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यातला क्रमांक, तर पहिल्याच फेरीत रंग जुळण्याची शक्यता बरीच वाढली असती. मोबाइलवरचा फोटो पाठवू नये, प्रत्येक स्क्रीनवर हिरवा वेगळा दिसतो. तसंच आपली रिकामी बाटली कारखान्याला आधीच पाठवावी आणि त्यांच्याकडचा कोणत्याही रंगाचा पंप मागवून घ्यावा. तो आपल्या बाटलीवर घट्ट बसतो का, बाटली आडवी ठेवल्यावर गळते का आणि आपला घट्ट शाम्पू त्यातून सहज येतो का, ही परीक्षा कोटेशनच्या काळातच उरकता येते. तोंडाचं माप कागदावर सारखं असलं तरी दोन देशांतल्या दोन साच्यांत किंचित फरक पडू शकतो, आणि तो दहा हजार नग आल्यावर कळून उपयोग नाही.

पंधरा दिवसांत काय घडायला हवं?

तिसरी ओळ दराच्या मुदतीची. कारखाना दर कायमचा देत नाही, कारण त्याचा कच्चा माल रोज हलत असतो. पंपाचे बरेच भाग पॉलिप्रॉपिलीनचे असतात. हा दाणा कच्च्या तेलाशी, तर चीनमध्ये काही प्रमाणात कोळशाशीही जोडलेला आहे, आणि ताल्यान शहरातल्या वायदेबाजारात त्याचे सौदे होतात. शिवाय कारखान्याचा खर्च युआनमध्ये आणि तुम्हाला दिलेला दर डॉलरमध्ये. या दोन्हींचा धोका त्याने पंधरा दिवसांपुरता स्वतःवर घेतलेला असतो.

बाईंनी १२ डिसेंबरला होकार दिला तेव्हा कोटेशन वैध होतं. पैसे १८ला पोहोचले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. दर कोणता लागू? कोटेशनमध्ये काहीच लिहिलेलं नसेल, तर खरेदीदार म्हणतो मी मुदतीत ऑर्डर दिली आणि कारखाना म्हणतो ऑर्डर पैसे आल्यावर धरतो. व्यवहारात दुसरंच म्हणणं जास्त चालतं. म्हणून होकार देतानाच लिहून घ्यावं, की सही केलेला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस मुदतीत पोहोचला तर दर पक्का आणि अ‍ॅडव्हान्ससाठी पुढचे सात कामाचे दिवस मिळतील. पहिलीच बँक-प्रक्रिया आहे हे मोकळेपणाने सांगितलं, तर बहुतेक विक्रेते मान्य करतात. प्रोफॉर्मा आला की त्यावरही वैधतेची तारीख असते, आणि तिथून पुढे कोटेशन नव्हे, तो कागद व्यवहार चालवतो. दोन्हींत फरक असेल तर सही करण्याआधी विचारावं.

मुदत संपल्यावर कारखाना म्हणाला की दाणा दहा टक्क्यांनी वाढला, आता दर १२ सेंट, तर काय करावं? इथे साधा तराजू उपयोगी पडतो. नमुन्याचा पंप वजन करून पाहावा. तो १४ ग्रॅमचा आहे आणि दाणा किलोला साधारण एक डॉलर आहे असं धरलं, तर एका पंपातलं प्लास्टिक दीड सेंटाच्याही आत येतं. ते दहा टक्क्यांनी वाढलं तर पंप जेमतेम सातव्या हिश्शाच्या सेंटाने वाढायला हवा, पूर्ण एक सेंटाने नाही. बाकीच्या दरात मजुरी, मशीन, स्प्रिंग, जोडणी आणि नफा आहे आणि दाण्याशी त्यांचा संबंध नाही. हा हिशेब शांतपणे लिहून पाठवावा. वाढीचं खरं कारण वेगळं असेल तर ते बाहेर येतं, आणि कारणच नसेल तर जुना दर परत येण्याची शक्यता वाढते.

काही कोटेशनमध्ये पंधरा दिवसांच्या वैधतेखालीच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की दर आमच्या अंतिम पुष्टीवर अवलंबून राहतील किंवा पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात. अशा वाक्याने वरची मुदत पोकळ होते. ते वाक्य काढून सुधारित कोटेशन मागावं. नाही मिळालं तर तो केवळ दराचा अंदाज आहे असं समजून चालावं.

दोन गोष्टी या वैधतेच्या बाहेर राहतात. एक, जहाजभाडं. जहाजावर चढवून दिलेल्या दरात पुढचं भाडं नसतं, आणि फॉरवर्डरच्या भाड्याच्या कोटेशनला स्वतःची वेगळी मुदत असते. कारखान्याचा दर पक्का झाला म्हणजे साताऱ्यापर्यंतचा खर्च पक्का झाला, असं नाही. दोन, रुपया. दर डॉलरमध्ये पक्का होतो, आणि त्यातले ७० टक्के तुम्ही महिना-दोन महिन्यांनी भरणार असता. अकराशे डॉलरच्या ऑर्डरमध्ये फरक हजार-दोन हजारांचा पडेल. वीस हजार डॉलरची ऑर्डर असेल, तर बँकेत फॉरवर्ड कराराबद्दल विचारावं, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच बांधून घेता येतो.

तिन्ही ओळी एकत्र

या अटी सुट्या वाचल्या तर एक सैल करताना दुसरी आवळली जाते. कमी नग मागितले तर कारखाना तुमचं काम त्याच रंगाची दुसरी ऑर्डर येईपर्यंत मागे ठेवू शकतो, म्हणजे लीड टाइम वाढतो. दर सहा महिने बांधून मागितला तर तो आधीच चढवून सांगतो. नमुन्याच्या फेऱ्या वाढल्या तर वैधता उलटते. म्हणून आपल्याला यातलं काय सर्वांत जास्त हवं आहे, नग, तारीख की दर, हे आधी ठरवून मगच उत्तर लिहावं.

साताऱ्याच्या बाईंना तारीख हवी होती. १ डिसेंबरचं कोटेशन हातात घेऊन त्यांनी उलटा हिशेब केला असता, तर त्याच आठवड्यात असं उत्तर पाठवता आलं असतं : पाडव्यासाठी तीन हजार पांढरे पंप, प्रचलित साठ्यातले, अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून दहा दिवसांत तयार. रंगाचा नमुना नको, फक्त बाटलीवर बसतो का एवढी खात्री. पैसे १८ डिसेंबरला पोहोचले तरी माल महिनाअखेरीला तयार, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जहाजावर आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साताऱ्यात. पाडव्याआधी भरायला पुरेसा वेळ.

हिरव्या पंपाचा विचार पाडव्याच्या विक्रीचे आकडे आल्यावर करायचा. तीन हजार बाटल्या किती दिवसांत संपल्या यावरून पाच हजारांची ती सीमा ओलांडता येईल का ते दिसेल. येत असेल तर दहा हजार हिरवे पंप दिवाळीसाठी मागवता येतील. २०२६ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा चीनमध्ये पुन्हा सुट्टीचा असतो. तेव्हा माल ऑगस्टअखेर जहाजावर चढायला हवा, नमुना जुलैच्या मध्यापर्यंत मंजूर व्हायला हवा आणि कोटेशन जूनच्या सुरुवातीला मागवायला हवं. ते मागवताना पँटोन क्रमांक, रिकामी बाटली आणि तीन प्रश्नांची लेखी उत्तरं : किमान नग कशाला, दिवस कधीपासून कुठपर्यंत, आणि दर कशाने पक्का.